ईसीजी नॉर्मल आला, घरी पाठवलं आणि पहाटे अटॅक निघाला: चूक नक्की कुठे झाली?

पाणंद

नमस्कार मंडळी. माझे वडील, वय ६१, मधुमेह बऱ्याच वर्षांपासून. तालुक्याच्या गावी राहतात. गेल्या आठवड्यात रात्री साडेआठला जेवण झाल्या झाल्या छातीत जडपणा आला, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखायला लागलं आणि घाम फुटला. चुलतभावाने गाडीत घालून गावातल्या हॉस्पिटलला नेलं. नऊ वाजून पाच मिनिटांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल. लगेच ट्रोपोनिनची ती पट्टी असते, तीही केली. निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले गॅस आहे. पित्ताचं इंजेक्शन दिलं, थोड्या वेळाने बाबांना बरंही वाटलं आणि दहाच्या आत सगळे घरी आले.

रात्री दोनला पुन्हा तेच, पण जास्त जोरात. या वेळी भावाने थेट मिरजेला नेलं. तिथे ईसीजीमध्ये थोडे बदल दिसले, मग त्यांनी बाबांना कुशीवर करून पाठीला लीड लावून आणखी एक ईसीजी काढला आणि लगेच सांगितलं की हा अटॅक आहे. ट्रोपोनिन चांगलंच वाढलेलं. पहाटे अँजिओग्राफी झाली. सर्कमफ्लेक्स नावाची रक्तवाहिनी पूर्ण बंद. स्टेंट टाकला. आता बाबा घरी आहेत, पण पंपिंग ४५ टक्के आहे म्हणतात.

मी पुण्यात असतो. सगळं फोनवरच कळत होतं. माझा प्रश्न एवढाच की पहिला ईसीजी चुकीचा होता का? मशीन खराब होतं की वाचणाऱ्याला कळलं नाही? घरातले म्हणतायत तक्रार करायची. त्याआधी मला नीट समजून घ्यायचंय.

---

शिरीष_प

पाणंद, वडिलांना लवकर आराम पडो. ईसीजीवर विसंबूच नये. निम्म्या लोकांचा ईसीजी ब्लॉकेज असूनही नॉर्मल असतो, हे मी एका हृदयरोगतज्ज्ञांच्या व्याख्यानात ऐकलंय. खरी तपासणी ट्रोपोनिनची. ती निगेटिव्ह आली की हृदय नाही, पॉझिटिव्ह आली की हृदय. तुमच्या केसमध्ये ती पट्टी एक्सपायरीची असणार, दुसरं काही नाही.

---

भीमथडी

माझंही मत असंच होतं, पण ट्रोपोनिन निगेटिव्ह येऊनही पुढे अटॅक निघाल्याचं आमच्या शेजारीच घडलंय. मला वाटतं खात्रीची खूण म्हणजे सॉर्बिट्रेट. जिभेखाली ठेवली आणि कळ थांबली तर हृदयाचं, नाही थांबली तर गॅस.

---

कातळशिल्प

मी जिल्ह्याच्या ठिकाणी कॅज्युअल्टीत काम करते. फिजिशियन आहे. पाणंद, तुमच्या बाबांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तुम्ही लिहिलंय त्यावरूनच बोलते.

पहिला ईसीजी चुकीचा असेलच असं नाही. तो बहुधा खराच नॉर्मल होता. ईसीजीचा कागद म्हणजे साधारण दहा सेकंदांची नोंद. त्या दहा सेकंदांत हृदयाच्या ज्या भागावर ताण होता, तो भाग आपल्या लीडना दिसत असेल तरच कागदावर खूण उमटते. गुठळी पूर्ण बसलेली नसते तेव्हा रक्त कधी थांबतं, कधी वाहतं. वाहत असताना कागद काढला तर तो स्वच्छ येतो.

दुसरं कारण तुमच्या बाबांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं. छातीवरच्या सहा लीड पुढून आणि डाव्या कुशीकडून बघतात. सर्कमफ्लेक्स हृदयाच्या मागच्या आणि बाजूच्या भिंतीला रक्त देते. ओसरीत उभं राहून परसदारी काय चाललंय ते दिसत नाही, तसं होतं. तिन्ही मुख्य रक्तवाहिन्यांपैकी हीच नेहमीच्या ईसीजीत सगळ्यात जास्त वेळा निसटते. फार तर व्ही१ ते व्ही३ या छातीवरच्या पहिल्या तीन लीडमध्ये रेषेचा एसटी नावाचा भाग थोडा खाली गेलेला दिसतो, आणि तो पाहून एखाद्याला शंका आली तर तो पाठीला लीड लावतो. मिरजेत नेमकं तेच झालं. पाठीच्या लीडमध्ये अर्धा मिलिमीटर एसटी वर गेला तरी तो धरायचा असतो, इतकी बारीक खूण असते ही.

शिरीष, तुम्ही ऐकलेलं निम्मं बरोबर आहे. निम्म्यांचा ईसीजी नॉर्मल असतो ही गोष्ट कळ नसताना, शांत बसलेल्या माणसाची आहे, ज्याला चालताना छाती भरते आणि थांबल्यावर बरं वाटतं. आत्ता छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा हिशोब वेगळा. तिथे पूर्ण नॉर्मल ईसीजी ही चांगलीच बातमी असते, पण तरीही अशा शंभर जणांत एक ते सहा जणांना पुढे अटॅक असल्याचं सिद्ध होतं. म्हणजे ईसीजी धोका बराच कमी करतो, शून्यावर आणत नाही. शिवाय ईसीजी आधी काढायचा तो याचसाठी की त्यात एसटी वर गेलेला स्पष्ट दिसला तर ट्रोपोनिनची वाटच बघायची नसते. तेव्हा रक्तवाहिनी उघडायची घाई असते. दवाखान्यात पाय ठेवल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघून तो डॉक्टरने पाहिलेला असावा, असा नियम त्यामुळेच आहे.

---

शिरीष_प

बरं, ईसीजीचं समजलं. पण मग ट्रोपोनिन निगेटिव्ह कसं आलं? पट्टी खराब असल्याशिवाय हे कसं होईल?

---

कातळशिल्प

वेळ बघा. कळ साडेआठला सुरू झाली आणि रक्त सव्वानऊच्या आसपास काढलं. म्हणजे पाऊण तास. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूच्या पेशीतलं प्रथिन आहे. पेशी मरायला लागली की ते रक्तात झिरपतं, आणि रक्तात मोजता येईल इतकं साठायला वेळ लागतो. पट्टीवरच्या चाचणीत ते दिसायला कळ सुरू झाल्यापासून साधारण चार ते सहा तास जातात. मोठ्या लॅबमध्ये हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन होतं, तिथे दोन-तीन तासांत कळायला लागतं. पाऊण तासाची निगेटिव्ह पट्टी एवढंच सांगते की चार-पाच तासांपूर्वी मोठा अटॅक येऊन गेलेला नाही. आत्ता काय सुरू आहे, याबद्दल ती गप्प असते.

म्हणून पट्टी असेल तर पहिली आल्या आल्या आणि दुसरी सहा तासांच्या सुमाराला. हाय सेन्सिटिव्हिटी असेल तर दुसरी एक, दोन किंवा तीन तासांनी, त्या त्या हॉस्पिटलच्या पद्धतीप्रमाणे. आणि त्यात आकडा मिळतो, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातला फरक बघता येतो. पट्टीत फक्त रेघ आली की नाही एवढंच.

शिवाय ट्रोपोनिन दोन्ही वेळा निगेटिव्ह येऊनही अनस्टेबल अँजायना असू शकतो. तिथे पेशी अजून मेलेली नसते, पण रक्तवाहिनी धोक्याच्या वळणावर असते. तिथे रुग्णाची हकीकतच कामाला येते.

भीमथडी, सॉर्बिट्रेटची परीक्षा सोडून द्या. अन्ननलिकेला पेटके आले तरी ते त्या गोळीने सुटतात आणि खऱ्या अटॅकची कळ त्या गोळीने अनेकदा थांबत नाही. उलटही तसंच. पित्ताच्या इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून हृदय सुटलं असं होत नाही. पाणंदच्या बाबांची कळ त्या वेळी आपोआप ओसरली असण्याचीच शक्यता जास्त. आणि ज्याचा रक्तदाब आधीच खाली आलाय त्याला घरच्या घरी सॉर्बिट्रेट दिली तर तो चक्कर येऊन पडतो.

---

रानजाई

डॉक्टर, मला पण विचारायचंय. मी ४७ वर्षांची. ऑफिसच्या चेकअपमध्ये दरवर्षी ईसीजी नॉर्मल येतो, या वर्षीचा पण आला. म्हणजे मला हृदयाचं काही नाही ना? कारण गेल्या काही दिवसांपासून स्टेशनचा जिना चढताना छाती गच्च होते, वर जाऊन थांबलं की दोन मिनिटांत जाते. मी पित्तच समजतेय.

---

शिरीष_प

रानजाई, टीएमटी करून टाका, म्हणजे सोक्षमोक्ष.

---

कातळशिल्प

रानजाई, तुमचा प्रश्न या धाग्याच्या प्रश्नापेक्षा वेगळा आहे आणि तुम्हाला तो लगेच सोडवायला हवा. चेकअपचा ईसीजी तुम्ही शांत पडलेल्या असताना काढलेला. त्यातून ठोक्यांची लय, जुना अटॅक, जाड झालेला स्नायू अशा गोष्टी कळू शकतात. जिना चढताना हृदयाला रक्त पुरतं का, हे त्यातून कळत नाही. वर मी निम्म्यांचा नॉर्मल असतो म्हणाले, ते नेमकं तुमच्यासारख्या हकिकतीबद्दल.

चढताना येते आणि थांबल्यावर जाते, ही पित्ताची हकीकत नाही. या आठवड्यातच हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. टीएमटी करायची, स्ट्रेस इको करायचा की सीटी अँजिओग्राफी, ते तपासून तेच ठरवतील. आणि ही कळ बसल्या बसल्या आली, किंवा दोन मिनिटांची दहा मिनिटं झाली, किंवा रोज जास्त लवकर येऊ लागली, तर मग टीएमटीची अपॉइंटमेंट नाही, थेट कॅज्युअल्टी. कळ चालू असलेल्या माणसाला ट्रेडमिलवर पळवत नाहीत.

---

खडीसाखर

मी ईसीजी टेक्निशियन आहे. दोन गोष्टी सांगावीशा वाटतात, कारण दुसरा ईसीजी काढतात तेव्हा तुलना पहिल्याशी करायची असते आणि तिथेच घोळ होतो.

व्ही१ आणि व्ही२ चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या खाचेत, छातीच्या मधल्या हाडाच्या उजव्या-डाव्या कडेला लावायच्या असतात. घाईत लोक त्या दोन बोटं वर लावतात. मग पहिल्या कागदात एक दिसतं, दुसऱ्यात दुसरं, आणि ते आजारामुळे बदललं की जागेमुळे, कोण सांगणार? आमच्याकडे छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या छातीवरचे कप काढल्यावर त्या गोल खुणांवर पेनाने ठिपके देऊन ठेवतो. दुसरा ईसीजी बरोब्बर त्याच ठिपक्यांवर. बाईमाणूस असेल तर व्ही४ पासून पुढच्या लीड स्तनाच्या खाली लावायच्या, वरून नाही. लाजेखातर इथेही चुकतं.

पाठीच्या लीडसाठी वेगळं मशीन लागत नाही. पेशंटला थोडं उजव्या कुशीवर करायचं, व्ही४, व्ही५, व्ही६ च्या वायरी काढून त्याच उंचीवर मागे न्यायच्या. एक काखेच्या मागच्या रेघेवर, एक खांद्याच्या पात्याच्या टोकाखाली, एक मणक्याच्या कडेला. मशीन मात्र कागदावर व्ही४, व्ही५, व्ही६ असंच छापतं. हाताने व्ही७, व्ही८, व्ही९ लिहिलं नाही तर पुढचा डॉक्टर फसतो. पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कागदावर लिहा: वेळ काय आणि त्या वेळी कळ होती की नव्हती. हे लिहिलेलं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं.

---

कातळशिल्प

खडीसाखर, कळ होती की नव्हती हे लिहिल्याबद्दल तुम्हाला मनापासून धन्यवाद. पाणंदच्या प्रश्नाचा गाभा तिथेच आहे.

कळ चालू असेल आणि पहिला कागद नॉर्मल असेल, तर पहिल्या तासात दर पंधरा ते तीस मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा. कळ ओसरली तरी एक काढायचा, कारण काही वेळा बदल उमटतो तो कळ गेल्यावर. हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीत अरुंद जागा असली की असं दिसतं: कळ असताना कागद साधा वाटतो, आणि माणूस ठीक वाटत असताना व्ही२, व्ही३ मध्ये टी लहर उलटी पडलेली असते. अशा माणसाला घरी पाठवणं धोक्याचं. आणि कळ परत आली तर त्याच क्षणी पुन्हा.

आता तुमच्या बाबांची रात्र बघा. वय ६१, मधुमेह, जडपणा, पाठीत जाणारं दुखणं, घाम. ही हकीकत ऐकल्यावर माझ्या दृष्टीने हृदयाची शक्यता इतकी वर होती की एक नॉर्मल कागद आणि पाऊण तासाची पट्टी तिला खाली आणू शकत नव्हती. मशीनला दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही. साडेनऊला दुसरा ईसीजी काढायला हवा होता, पाठीच्या लीड लावायला हव्या होत्या, आणि काहीच सापडलं नसतं तरी पहाटेपर्यंत ठेवून अडीचच्या सुमाराला दुसरी पट्टी करायला हवी होती. ते शक्य नव्हतं तर मिरजेला पाठवायचं.

साडेनऊच्या कागदात नक्की काही दिसलं असतं का? ते मी सांगू शकत नाही. त्या वेळी रक्त वाहत असेल तर तोही नॉर्मल आला असता. पण दोनला कळ आली तेव्हा बाबा हॉस्पिटलच्या खाटेवर असते, घरी नसते.

---

माळरान

मला थोडं वेगळं बोलायचंय. डॉक्टर, तुमचं सगळं पटतं, पण दुसरी बाजूही आहे. मला दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं तेव्हा शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलने आयसीयूत ठेवलं. तीन ईसीजी, दोन ट्रोपोनिन, इको, सगळं नॉर्मल. शेवटी बरगडीच्या कूर्चेची सूज निघाली. बिल बघून खरी कळ आली. ‘पुन्हा करू’ हे पैसे काढायचं साधनही होतं ना? गरीब माणसाने काय करायचं?

---

कातळशिल्प

माळरान, तुमचा राग रास्त आहे. पण खर्च वाढला तो आयसीयूमुळे. पुन्हा ईसीजी काढायला काहीशे रुपये लागतात, दुसऱ्या ट्रोपोनिनला त्याहून जास्त, तरी आयसीयूच्या एका रात्रीपेक्षा खूप कमी. धोका कमी असलेल्या माणसाला कॅज्युअल्टीच्या खाटेवर मॉनिटर लावून काही तास ठेवलं तरी चालतं. हकीकत, ईसीजी, वय, धोक्याचे घटक आणि ट्रोपोनिन, या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन बेरीज करायची पद्धत आहे. तीन किंवा कमी गुण आणि ट्रोपोनिन वेळेनुसार दोन्हीदा नॉर्मल, तर घरी पाठवतात. तुम्ही बहुधा त्यात बसला असता. पाणंदच्या बाबांना हकिकतीचे दोन आणि वयाचा एक, एवढ्यावरच तीन होतात, त्यात मधुमेहाचा एक. म्हणजे ईसीजी आणि ट्रोपोनिनला शून्य देऊनही चार. घरी पाठवायच्या रेषेच्या वर.

सरकारी हॉस्पिटलमध्ये हे सगळं जवळजवळ फुकट होतं, पण रात्री पट्टी शिल्लक असेल की नाही याची खात्री मी देऊ शकत नाही. हे दुखणं आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

भीमथडी

माझ्या आईचं डायलिसिस चालू आहे. तिचं ट्रोपोनिन कधीही करा, वाढलेलंच. दरवेळी नवा डॉक्टर घाबरवतो. मग पॉझिटिव्ह म्हणजे अटॅक हेही खरं नाही ना?

---

कातळशिल्प

बरोबर पकडलंत. किडनी खराब असेल तर ते कायम थोडं वर राहतं. तिथेही उपाय तोच, पुन्हा करायचं. दोन-तीन तासांनी आकडा जवळपास तेवढाच राहिला तर ते तिचं नेहमीचं, आणि चढत गेला तर नवीन काही घडतंय. तिचा कळ नसतानाचा एक आकडा आणि एक ईसीजी जवळ ठेवा. नव्या डॉक्टरला त्याचा फार उपयोग होतो.

एक गोष्ट सगळ्यांसाठी, थोडक्यात. ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही नीट आले तरी छातीतली दोन जीवघेणी कारणं उरतात. महाधमनीचा आतला थर फाटणं आणि फुप्फुसात गुठळी अडकणं. पाठीत फाटल्यासारखी एकदम आलेली कळ, दोन हातांच्या रक्तदाबात मोठा फरक, किंवा पाय सुजून अचानक दम लागणं, असं असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगा. त्याच्या तपासण्या वेगळ्या आहेत.

---

खडीसाखर

कागदाबद्दल राहिलं. ईसीजीचा कागद उष्णतेने छापतात, काही वर्षांत पुसट होतो. लॅमिनेट तर अजिबात करू नका, पूर्ण काळा पडतो. झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटो ठेवा.

---

रानजाई

डॉक्टर, शनिवारची वेळ मिळाली आहे. तोवर जिना टाळते, लिफ्टने जाते.

---

कातळशिल्प

चालेल. एकटीने लांबचा प्रवास नको. बसल्या बसल्या कळ आली तर शनिवारची वाट बघायची नाही, १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

---

पाणंद

सगळ्यांचे आभार. आज भावाने पहिल्या हॉस्पिटलमधला कागद पाठवला. त्यावर मशीनने नॉर्मल छापलंय, डॉक्टरची सही आहे, पण हाताने काही लिहिलेलं नाही. छापलेली वेळ ११:४० ची आहे, जेव्हा बाबा घरी झोपले होते. हे कसं?

---

खडीसाखर

मशीनचं घड्याळ कुणी लावलेलं नसणार. बॅटरी उतरली की ते मागेपुढे होतं. बिलावरची किंवा केसपेपरवरची वेळ बघा, ती धरा.

---

शिरीष_प

पाणंद, मी तर म्हणेन तक्रार कराच. असं आणखी कुणाला होऊ नये.

---

माळरान

गावात रात्री दार उघडणारं तेवढंच एक हॉस्पिटल असेल तर? उद्या त्यांनी प्रत्येकाला बाहेरूनच मिरजेला धाडलं तर लोकांचे हाल होतील. मला यात सरळ उत्तर दिसत नाही.

---

कातळशिल्प

मलाही दिसत नाही. तक्रार करायची की नाही हे तुमच्या घराने ठरवायचं. पण पूर्ण केसपेपर मात्र आत्ताच लेखी अर्ज देऊन मागून घ्या. रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर ७२ तासांत ते द्यावे लागतात. त्यात दोन गोष्टी बघा. कळ किती वाजता सुरू झाली हे त्यांनी लिहिलंय का, आणि घरी सोडताना कळ परत आल्यास काय करायचं ते सांगितल्याची नोंद आहे का. तक्रार केली नाहीत तरी त्या डॉक्टरांना समोर बसून हे दोन्ही विचारता येईल. आणि त्या कागदाची एक प्रत बाबांच्या हृदयरोगतज्ज्ञांना द्या, कारण अटॅकच्या आधीचा तोच त्यांच्याकडचा एकमेव ईसीजी असेल.